मुंबईच्या प्लेगवर वाचायचंय, पण सुरुवात कुठून करू? अनोळखी विषयावरची चांगली पुस्तकं कॅटलॉगमधून काढण्याची पद्धत

एखाद्या विषयाची काहीच माहिती नसताना ग्रंथालयाच्या कॅटलॉगसमोर बसलो की अडचण पुस्तकांची नसते, शब्दांची असते. आपण विषयाला ज्या नावाने ओळखतो, त्या नावाने कॅटलॉग त्याला ओळखतोच असं नाही. त्यामुळे पहिल्या तासाचं खरं काम पुस्तक शोधणं हे नसून कॅटलॉगचा शब्द शोधणं हे असतं. तो सापडला की पुढची वाट बरीच सोपी होते.

उदाहरण म्हणून एकच विषय शेवटपर्यंत धरून ठेवू: १८९६ साली मुंबईत आलेली प्लेगची साथ. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये हा रोग ओळखला, पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला, पुण्यात रँडचा खून झाला. एवढंच शाळेतून आठवतंय आणि आता नीट वाचायचंय, असं समजा.

आधी कागदावर

कॅटलॉग उघडण्याआधी दहा मिनिटं द्या आणि तीन गोष्टी लिहून काढा: काय, कुठे, कधी. ‘काय’च्या खाली जितकी नावं सुचतील तितकी लिहा. प्लेग, महामारी, साथ, गाठीचा ताप. त्या काळच्या मराठी लेखनात याच रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असंही म्हणत. हा शब्द माहीत नसेल तर त्या नावाखालचं पुस्तक समोर असूनही दिसणार नाही. ‘कुठे’च्या खाली मुंबई आणि बॉम्बे दोन्ही, पुणे आणि पूना दोन्ही, शिवाय मुंबई इलाखा. ‘कधी’च्या खाली १८९६ ते साधारण १९१०, कारण साथ एका वर्षात संपली नाही.

नावं सुचत नसतील तर विश्वकोश उघडा. मराठी विश्वकोशातल्या पुष्कळ नोंदींच्या शेवटी ‘संदर्भ’ म्हणून चार-सहा पुस्तकांची यादी असते. बहुतेक वाचक तिथपर्यंत जातच नाहीत. यादी जुनी असते, पण विषयाचे पारिभाषिक शब्द आणि एक-दोन लेखकांची नावं तिथे फुकट मिळतात.

शब्दशोध फक्त एक पुस्तक मिळवण्यापुरता

आता वर्ल्डकॅटसारख्या संयुक्त कॅटलॉगमध्ये किंवा जवळच्या विद्यापीठाच्या ओपॅकमध्ये, म्हणजे संगणकावरच्या कॅटलॉगमध्ये, नेहमीसारखा शब्दशोध करा. वर्ल्डकॅट search.worldcat.org वर आहे. भारतातल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांचा एकत्रित कॅटलॉग इन्फ्लिबनेटने चालवलेल्या इंडकॅटवर पाहता येतो. नुसतं plague टाकलंत तर चौदाव्या शतकातला युरोप, अल्बेर काम्यूची कादंबरी, बायबलमधली संकटं, टोळधाड असं सगळं एकत्र अंगावर येईल. उलट bombay plague epidemic 1896 british policy history असं लांबलचक वाक्य टाकलंत तर बहुधा शून्य. कॅटलॉगची यंत्रणा सहसा सगळे शब्द एकाच नोंदीत असण्याची अट घालते आणि ती पुस्तकाचा आतला मजकूर वाचत नाही. तिच्यापुढे असते फक्त नोंद: शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, विषयशीर्षकं, कधीकधी अनुक्रमणिका. म्हणून दोन किंवा तीन शब्द पुरेत, plague bombay किंवा plague india.

या पायरीवर यादी तयार करत बसू नका. आपल्या विषयाशी नक्की जुळणारं एकच पुस्तक हवंय. ते दिसलं की त्याची पूर्ण नोंद उघडा आणि खाली सरकत ‘Subject’ किंवा ‘Subjects’ लिहिलंय तिथे या. आपल्या विषयात तिथे साधारण अशा घडणीच्या ओळी दिसतील:

```
Plague -- India -- Mumbai -- History -- 19th century
Epidemics -- India -- History
Public health -- India -- History -- 19th century
```

ही विषयशीर्षकं. जगातली बरीच मोठी ग्रंथालयं ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीतून घेतात. पुस्तकाचं नाव काहीही असो, लेखकाने ‘पेस्टिलन्स’ म्हटलेलं असो की ‘ब्यूबॉनिक फीव्हर’, नोंद करणाऱ्याने त्याला यादीतलंच ठरलेलं नाव द्यायचं असतं. म्हणून शीर्षकात plague शब्द नसलेली पुस्तकंही त्या एका ओळीमागे गोळा झालेली असतात. ओळीची रचना लक्षात घ्या: आधी विषय, मग देश, मग गाव, मग ‘इतिहास’, शेवटी काळ. ‘इतिहास’ काढून टाकलात तर वैद्यकीय पुस्तकं मिसळतात, गाव काढलंत तर देशभराची पुस्तकं येतात. कुठल्या टप्प्यावर थांबायचं ते आपल्या हातात आहे.

बहुतेक ओपॅकमध्ये या ओळींवर क्लिक करता येतं. करा. आलेल्या पुस्तकांपैकी दोन-तीन नोंदी पुन्हा उघडा आणि त्यांच्या विषयओळी वाचा. नवी ओळ दिसली की कागदावर उतरवा. तिसऱ्या-चौथ्या नोंदीनंतर त्याच त्या ओळी पुन्हा येऊ लागतात. कॅटलॉगने तुमच्या विषयाला दिलेली नावं संपली, असा त्याचा अर्थ.

यादीतच शब्द तपासायचा असेल तर

id.loc.gov वर जाऊन लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत plague शोधा. तिथे ‘Variants’ खाली जे शब्द असतात ते वापरायचे नसतात, ते मुख्य नावाकडे बोट दाखवणारे असतात. ‘Broader Terms’ म्हणजे वरचा, मोठा विषय, आणि ‘Narrower Terms’ म्हणजे आतले छोटे विषय. पुस्तकं कमी मिळाली की वरच्या शब्दाकडे जायचं, फार मिळाली की खालच्या. ‘ब्लॅक डेथ’ हे त्या यादीत वेगळं शीर्षक आहे, ही गोष्ट आपल्या सोयीची: युरोपातली बरीच गर्दी त्यामुळे आपोआप बाजूला होते.

वर्ल्डकॅटमध्ये विषयशीर्षकांपुरताच शोध घ्यायचा तर su: हे चिन्ह लावतात:

```
su:plague AND su:india AND su:history NOT su:fiction
```

शेवटचा NOT कशाला, असं वाटेल. कादंबऱ्यांनाही विषयशीर्षकं मिळतात, त्यांच्यापुढे Fiction एवढंच जोडलेलं असतं. मात्र NOT जपून वापरा. NOT su:europe लिहिलंत तर भारत आणि युरोप यांची तुलना करणारं पुस्तकही गेलं, आणि ते गेल्याचं कळणारही नाही.

जुन्या-नव्या नावांचा घोळ इथेही आहे. अधिकृत शीर्षक आता Mumbai असलं तरी सगळ्याच ग्रंथालयांनी जुन्या नोंदी बदललेल्या नसतात. म्हणून शोध दोनदा करायचा, एकदा Mumbai घालून आणि एकदा Bombay घालून. दोन्ही वेळी आकडा वेगळा आला तर आश्चर्य नको.

चांगलं पुस्तक विषयशीर्षकात का सापडत नाही

नवख्याला बहुतेक वेळा न कळणारी गोष्ट ही आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नियमानुसार एखाद्या विषयाने पुस्तकाचा किमान २० टक्के भाग व्यापला असेल तरच त्या विषयाचं शीर्षक द्यायचं. सहसा एका पुस्तकाला सहाच्या आत शीर्षकं. म्हणजे दहा प्रकरणांच्या पुस्तकात एक अख्खं, उत्तम प्रकरण तुमच्या विषयावर असलं तरी कॅटलॉगला त्याचा पत्ता नसतो.

आपल्या विषयात याची दोन ठळक उदाहरणं आहेत. मायरन एकेनबर्ग यांचं ‘प्लेग पोर्ट्स’ (२००७) जगातल्या दहा बंदरांतल्या प्लेगवर आहे आणि मुंबई त्यांपैकी एक. दहातलं एक म्हणजे वीस टक्क्यांच्या खाली, तेव्हा नियमाप्रमाणे मुंबईचं वेगळं शीर्षक मिळण्याचं कारण नाही. Plague -- India -- Mumbai शोधणाऱ्याला ते दिसणार नाही, नुसतं Plague -- History शोधणाऱ्याला दिसेल. दुसरं प्रशांत किदंबी यांचं ‘द मेकिंग ऑफ ॲन इंडियन मेट्रोपोलिस’ (२००७). ते १८९० ते १९२० या काळातल्या मुंबईच्या कारभाराचं आणि सार्वजनिक जीवनाचं पुस्तक आहे. प्लेग त्यात महत्त्वाचा, पण पुस्तक शहराचं. ते शहराच्या इतिहासाखाली शोधायचं.

म्हणून प्रत्येक विषयासाठी तीन उंचीवरून शोध घ्या: नेमका विषय (मुंबईतला प्लेग), एक पायरी वर (भारतातलं सार्वजनिक आरोग्य, साथी), आणि बाजूची वाट (मुंबई शहराचा इतिहास). वरच्या पायरीवर मिळालेल्या पुस्तकांची अनुक्रमणिका आणि शेवटची शब्दसूची पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. शब्दसूचीत ‘प्लेग’पुढे सलग पंधरा-वीस पानांचा आकडा असेल तर ते प्रकरण आहे. सुटे सुटे चार आकडे असतील तर नुसते उल्लेख आहेत.

वर्गांक: शीर्षकं नसतील तिथे

महाराष्ट्रातल्या पुष्कळ सार्वजनिक ग्रंथालयांच्या ओपॅकमध्ये विषयशीर्षकाची जागा रिकामी असते किंवा नुसतं ‘इतिहास’, ‘आरोग्य’ असं लिहिलेलं असतं. तिथे वरची सगळी पद्धत लंगडी पडते. पण वर्गांक जवळजवळ नेहमी असतो, कारण त्याशिवाय पुस्तक कपाटात लावता येत नाही. ड्युई पद्धतीच्या ग्रंथालयात एखाद्या सापडलेल्या पुस्तकाचा वर्गांक घ्या आणि ओपॅकमध्ये त्या अंकाने शोधा, किंवा आत जाऊ देत असतील तर थेट कपाटापुढे उभे राहा.

एकच विषय ड्युईत तीन ठिकाणी विखुरलेला असतो, हे मात्र आधीच माहीत असू द्या. प्लेग हा रोग म्हणून 616.9232 मध्ये, साथ आणि तिचा बंदोबस्त म्हणून 614.5732 मध्ये, आणि मुंबईच्या इतिहासाचा भाग म्हणून 954.792 ने सुरू होणाऱ्या महाराष्ट्राच्या अंकांत. पहिलं कपाट डॉक्टरांचं, दुसरं आपलं, तिसरं इतिहासकारांचं. आपल्याला दुसरं आणि तिसरं हवं. पहिल्या कपाटापुढे उभं राहून ‘इथे इतिहासाचं काहीच नाही’ म्हणत परतणारे खूप असतात. कपाटाचा आणखी एक दोष: चांगलं पुस्तक बहुधा कुणाच्या तरी घरी असतं. म्हणून कपाट पाहून झाल्यावर तोच वर्गांक ओपॅकमध्येही टाकायचा.

संदर्भसूची वाचण्याचं कसब

एवढ्यावर पाच-सात पुस्तकं हाती लागतात. आता कॅटलॉग बंद करा आणि पुस्तकांच्या शेवटी जा. ‘चांगलं’ पुस्तक कुठलं, हे कॅटलॉग सांगत नाही. ते त्या विषयावर लिहिणारे एकमेकांच्या संदर्भांतून सांगतात.

तीन पुस्तकं निवडा, शक्यतो वेगवेगळ्या लेखकांची आणि वेगवेगळ्या वर्षांची. आपल्या विषयात डेव्हिड अर्नोल्ड यांचं ‘कॉलोनायझिंग द बॉडी’ (१९९३), मार्क हॅरिसन यांचं ‘पब्लिक हेल्थ इन ब्रिटिश इंडिया’ (१९९४) आणि किदंबींचं २००७ चं पुस्तक अशी निवड शोभेल. तिन्हींच्या संदर्भसूच्या समोर ठेवा आणि शीर्षकावरून विषयाला लागून वाटणारी प्रत्येक नोंद एका कागदावर उतरवा. दुसऱ्या सूचीत तीच आली की तिच्यापुढे खूण. तिन्हींत आलेली नोंद टाळता येणार नाही असं समजा, दोन सूच्यांत आलेली बघण्याजोगी. एकाच सूचीत आलेली नोंद फेकून देऊ नका, पण ती नंतर. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि जाहिरातीतल्या कुठल्याही ‘सर्वोत्तम पुस्तके’ यादीपेक्षा जास्त भरवशाचं.

सूची वाचताना दोन गोष्टी गोंधळात टाकतात. पहिली, ती सहसा दोन भागांत असते. एका भागात त्या काळचे कागद: गॅटेकरचा १८९७ चा मुंबईच्या प्लेगवरचा अहवाल, नॅथनचा १८९८ चा भारतभराचा, कॉन्डनचा १९०० चा मुंबई इलाख्याचा. दुसऱ्या भागात नंतरच्या अभ्यासकांची पुस्तकं. नवख्याने आधी दुसरा भाग वाचावा असं आमचं मत. गॅटेकर स्वतः प्लेग कमिटीचा अध्यक्ष होता. त्याचा अहवाल वाचताना कमिटी स्वतःबद्दल बोलतेय हे आधी माहीत हवं. हे जुने अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर, वेलकम कलेक्शनमध्ये आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भारतविषयक वैद्यकीय कागदपत्रांच्या संग्रहात वाचायला मिळतात, तेव्हा घाई नाही.

दुसरी गोष्ट ‘in’ या छोट्या शब्दाची. राजनारायण चंदावरकर यांचा भारतातल्या प्लेगच्या घबराटीवरचा निबंध सूचीत दिसेल. तो नाव टाकून कॅटलॉगमध्ये शोधलात तर बहुधा काही मिळणार नाही, कारण ते पुस्तक नाही. तो रेंजर आणि स्लॅक यांनी संपादित केलेल्या ‘एपिडेमिक्स अँड आयडियाज’ (१९९२) या संग्रहात आहे. ‘in’ च्या पुढे जे नाव, तेच कॅटलॉगमध्ये टाकायचं. ‘ग्रंथालयात नाही’ म्हणून सोडून दिलेली बरीच पुस्तकं अशीच असतात.

मर्यादाही आहे. संदर्भसूची फक्त मागे पाहते: १९९३ च्या पुस्तकात १९९४ चं पुस्तक असूच शकत नाही. शिवाय एकाच विद्यापीठाच्या वर्तुळातले लेखक एकमेकांनाच उद्धृत करत राहतात. म्हणून एक सूची नक्की ताजी घ्या. नवं पुस्तक हाताशी नसेल तर शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचा अलीकडचा प्रबंध घ्या. त्याच्या सुरुवातीच्या ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ प्रकरणात अभ्यासकाने आधीची पुस्तकं वाचून त्यांच्यावर दोन-दोन वाक्यं लिहिलेली असतात. प्रबंध स्वतः कसा का असेना, ते प्रकरण कामाला येतं.

स्वतंत्र, छापील संदर्भसूचीही असते. कॅटलॉगमध्ये विषयाच्या शब्दांना Bibliography जोडून ती सापडते, उदाहरणार्थ su:"public health" su:india su:bibliography. दक्षिण आशियासाठी मॉरीन पॅटरसन यांची १९८१ ची मोठी सूची अजून कामाची आहे, अर्थात त्यापुढचं काही तिच्यात नाही.

मराठी पुस्तकांचा रस्ता वेगळा

वरच्या सगळ्या खटाटोपातून मराठी पुस्तक जवळजवळ मिळत नाही. त्यासाठी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडायची. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. आपला काळ पहिल्या भागात पूर्ण येतो. मांडणी विषयवार असल्यामुळे फक्त नावांच्या सूचीत ‘प्लेग’ पाहून थांबू नका. वैद्यक आणि आरोग्य यांची पानं ओळीने वाचा. ‘ग्रंथिक सन्निपात’सारखे अनपेक्षित शब्द तिथेच डोळ्यांना दिसतात.

मराठीतली त्या काळची साक्ष बऱ्याचदा आत्मचरित्रांत आणि चरित्रांत आहे, आणि तिथे प्लेगचं विषयशीर्षक नसतं, व्यक्तीचं असतं. दामोदर चापेकरांचं आत्मवृत्त त्यातलंच. म्हणून या टप्प्यावर शोध विषयाचा नाही, माणसांचा घ्यायचा: त्या काळी मुंबई-पुण्यात कोण होते, आणि त्यांपैकी कुणी लिहून ठेवलं.

परदेशी कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तक शोधताना लिप्यंतराचा नियम माहीत हवा. तिथल्या बऱ्याच नोंदी, विशेषतः जुन्या, फक्त रोमन लिपीत असतात आणि आपण मोबाइलवर लिहितो तसं ते लिहीत नाहीत. ‘च’साठी ch नव्हे, c. शब्दाच्या शेवटचा न उच्चारलेला ‘अ’सुद्धा लिहितात. रोमन अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं गाळली तरी चालतं. म्हणजे असं:

```
महाराष्ट्राचा इतिहास   maharashtraca itihasa
ग्रंथसूची              grantha suci  /  granthasuci
चापेकर, चाफेकर        capekara, caphekara
ग्रंथिक सन्निपात        granthika sannipata
```

Chapekar टाकून शून्य आलं आणि capekara टाकल्यावर पुस्तकं निघाली, हा प्रकार नेहमीचा. जोडशब्द तोडून आणि जोडून, दोन्ही प्रकारे करून पाहा.

सूचीत आहे पण आपल्या ग्रंथालयाच्या ओपॅकमध्ये नाही, असं झालं तर ‘पुस्तक नाही’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. जुन्या ग्रंथालयांची सगळी कार्डं संगणकावर चढलेली नसतात. काउंटरवर जाऊन ‘प्लेगवर काही आहे का?’ असं विचारू नका. लेखक, नाव, वर्ष आणि दात्यांच्या सूचीतला नोंद क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्या आणि कार्डांच्या पेट्या पाहू देता का, ते विचारा. लेखकाचं कार्ड आडनावाखाली नसेल तर पहिल्या नावाखाली पाहा. जुन्या मराठी कार्डांत दोन्ही पद्धती आढळतात, कधीकधी एकाच पेटीत.